बिनपगारी रजा आणि घरकर्जाचा हप्ता: बँकेत कधी जायचं आणि नेमकं काय मागायचं

प्रसूतीची पगारी रजा संपत आलेली असते, बाळ पाच-साडेपाच महिन्यांचं असतं, आणि घरात ठरतं की अजून सहा महिने रजा वाढवायची, बिनपगारी का होईना. निर्णय योग्यच असतो. पण घरकर्जाचा हप्ता दोन पगारांच्या हिशेबाने बसवलेला असतो आणि तो बाळासाठी थांबत नाही. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. या कारणाने आलेल्या बहुतेक बायका दोन हप्ते चुकल्यावर माझ्यासमोर येऊन बसायच्या. त्याच जर चार महिने आधी आल्या असत्या, तर त्यांच्यासाठी बरंच काही करता आलं असतं. दोन हप्ते चुकल्यावर माझ्या हातात फार थोडं उरायचं. असं का होतं ते नीट समजलं, की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते.

बँकेला उशिरा सांगितलं की काय बदलतं

हप्ता देय तारखेला आला नाही की त्या दिवसापासून खातं थकीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० दिवसांपर्यंतची थकबाकी पहिल्या धोक्याच्या गटात जाते, ३१ ते ६० दिवस दुसऱ्या, ६१ ते ९० दिवस तिसऱ्या. नव्वद दिवसांपेक्षा जास्त झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक. इथे बहुतेकांची एक गल्लत होते. तीन हप्ते थकलेत आणि तुम्ही एक भरलात, तर तो सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यात जमा होतो, दिवस पुन्हा शून्यावर येत नाहीत. खातं एकदा एनपीए झालं की सगळी थकलेली रक्कम, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरल्याशिवाय ते पुन्हा चांगल्यांत धरलं जात नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि शाखेत ती सहसा कोणी समजावून सांगत नाही. कर्जदार अडचणीत आहे म्हणून बँकेने मूळ अटींच्या पलीकडची सवलत दिली, तर नियमांच्या भाषेत ते ‘रिस्ट्रक्चरिंग’ ठरतं, म्हणजे कर्जाची पुनर्रचना. अशी पुनर्रचना झालेलं चांगलं खातंसुद्धा साधारणपणे एनपीएत टाकावं लागतं, आणि क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जदारांच्या परतफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, तशी नोंद जाते. म्हणून कर्ज विभागातला माणूस ‘काही महिने हप्ता नको’ हे ऐकलं की गप्प होतो. २०२० साली मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची जी मुभा मिळाली, ती कोविडसाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली खास सवलत होती. तो कर्जदाराचा कायमचा हक्क नाही, आणि त्या आठवणीवर विसंबून रजेचं नियोजन करू नये.

याउलट खातं नियमित असताना, मूळ कराराच्या चौकटीत राहून बरंच काही मागता येतं. तिथे पुनर्रचनेचा प्रश्नच येत नाही.

आधी घरातला खड्डा मोजा

बँकेत जायच्या आधी कागदावर आकडा हवा. ‘थोडी ओढाताण होईल’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही.

चिंचवडमधलं एक जोडपं धरू. आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत. तिचा हातात येणारा पगार ४४,००० रुपये, त्याचा ५४,०००. घरकर्जाची बाकी ३० लाख, व्याज ८ टक्के, हप्ता ३१,०००, आणि या हप्त्याने कर्ज फिटायला अजून १३ वर्षं. शिवाय तिने कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून घेतलेलं कर्ज, त्याचा हप्ता ५,०००. बाळ आल्यावर घरखर्च ३६,०००.

बिनपगारी काळात त्याचे ५४,००० येणार आणि ७२,००० जाणार. दर महिन्याला १८,००० कमी. सहा महिने म्हणजे १,०८,०००, असं वाटेल. पण ती कामावर परतल्यावर पहिला पगार महिना भरल्यावरच येणार, त्यामुळे मोजायचे सात महिने: १,२६,०००. त्यातच आरोग्य आणि मुदत विम्याचा वार्षिक हप्ता २२,००० येतो. खड्डा १,४८,००० रुपयांचा. वर्षातून एकदाच येणारे खर्च (विमा, सोसायटीचा देखभाल खर्च, मोठ्या मुलाची शाळेची फी) विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक, म्हणून मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट समोर ठेवूनच ही बेरीज करा.

आता पगारी काळ किती हाती आहे ते बघा. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर रजा १२ आठवड्यांची. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या वर्षात त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिना पगारी रजेची तरतूद आहे. ती न मागताच बिनपगारी अर्ज देणाऱ्या मी पाहिल्या आहेत. राज्य सरकारी नोकरीत असाल तर आधी १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची चौकशी करा, तीही पगारी आहे.

आपल्या जोडप्याला पाचव्या महिन्यात हा हिशेब सुचला, तर प्रसूतीआधीचे चार आणि पगारी रजेचे सहा असे दहा महिने मिळतात. दरमहा १४,८०० बाजूला पडले तर बँकेची गरजच नाही. पण दवाखान्याचा खर्च धरता तेवढं जमत नाही. समजा ९,००० जमले. दहा महिन्यांत ९०,०००. उरला खड्डा ५८,०००. आता बँकेत जायचं ते या ५८,००० साठी.

पहिली मागणी: मूळ मुदतीचा हप्ता

हा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा आहे. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर दर खाली आल्यावर बँक सहसा हप्ता तसाच ठेवते आणि मुदत कमी करते. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकूण सव्वा टक्क्याने कमी केला. अनेकांचा हप्ता तेव्हा बदलला नाही, पण कर्जाची शेवटची तारीख मागे सरकली. मधे कधी बोनसमधून मुद्दल भरलं असेल तरी तेच झालेलं असतं.

म्हणून बँकेकडून आजचं परतफेडीचं वेळापत्रक मागवा आणि मंजुरीपत्राशी ताडून बघा. आपल्या जोडप्याच्या करारात १५ वर्षं शिल्लक आहेत, बँकेच्या आजच्या हिशेबाने मात्र १३. मग अर्ज असा: शेवटची तारीख मूळ करारातलीच धरा आणि त्याप्रमाणे हप्ता कमी करा. ३० लाख, ८ टक्के, १५ वर्षं, हप्ता येतो २८,६७०. दरमहा २,३३० सुटले, सात महिन्यांत १६,३१०.

रक्कम लहान वाटेल, पण करारात ठरलेल्या तारखेच्या पुढे एक दिवसही न जाता ती मिळते. कामावर परतल्यावर हप्ता पुन्हा ३१,००० केला, तर कर्ज जेमतेम दीड महिना लांबतं.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारा. तुमचा दर त्याच बँकेच्या नव्या ग्राहकांपेक्षा जास्त आहे का? असेल तर थोडं शुल्क भरून तो कमी करून मिळतो का? हे काम पगार चालू असतानाच उरका. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं असेल तर ते तर नक्कीच आधी, कारण तिथे शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपत्रकांवर सगळं ठरतं आणि रजेतली कोरी पत्रकं बघून अर्ज बाजूला पडतो.

व्याजच भरणं आणि हप्ता थांबवणं

यापुढच्या मागण्यांची किंमत आधी कळायला हवी. ३० लाखांवर ८ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच २०,००० होतं. ३१,००० च्या हप्त्यात मुद्दल फक्त ११,०००. म्हणून मुदत कितीही ताणली तरी हप्ता २०,००० च्या खाली येऊच शकत नाही. २० वर्षं केली तरी तो २५,०९३ होतो.

सहा महिने फक्त व्याज भरायची परवानगी मिळाली तर दरमहा ११,००० वाचतात. कर्ज सहा महिने पुढे सरकतं आणि एकूण १,२०,००० जास्त जातात. सहा महिने काहीच भरलं नाही, तर न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळून बाकी ३१ लाख २२ हजारांवर जाते. नंतर ३१,००० नेच फेडत राहिलात तर १५६ ऐवजी साधारण साडे १६७ हप्ते भरावे लागतात. सहा हप्त्यांच्या विसाव्याची किंमत साडेअकरा हप्ते, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. कर्ज नवं असेल तेवढा हा फटका मोठा, संपत आलेलं असेल तर कमी.

हे दोन्ही मार्ग बहुधा पुनर्रचनेत मोडतात. काही कर्जांच्या करारातच हप्ता काही काळ थांबवायची सोय असते. ती असेल तर प्रश्न नाही, म्हणून मंजुरीपत्र वाचाच. नसेल तर हा एक प्रश्न लेखी विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका: ‘ही सवलत पुनर्रचना म्हणून धरली जाईल का, आणि क्रेडिट ब्युरोला काय कळवलं जाईल?’ उत्तरही लेखीच घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. खड्डा एक-दोन हप्त्यांएवढा असेल तर पुनर्रचनेच्या वाटेला जाऊ नका. आपल्या जोडप्याचा उरलेला खड्डा ५८,००० वजा १६,३१०, म्हणजे साधारण ४१,७०० आहे. एवढ्यासाठी ठेवीवरचं कर्ज किंवा बँकेतलं सोनेतारण पुरे. ४२,००० वर १० टक्क्यांनी दहा महिन्यांचं व्याज साडेतीन हजार होतं. साडेतीन हजार देऊन घरकर्जाचं खातं स्वच्छ राहत असेल तर तो सौदा चांगला. किंवा एक महिना आधी कामावर परता, १८,००० तिथे भरून निघतात. हे तुमच्या घरातलं ठरवणं, त्यात बँकेने बोलू नये. क्रेडिट कार्डावर हप्ता ढकलायचं मात्र मनातही आणू नका.

पण घरात एकच पगार असेल, नवऱ्याची नोकरीही डळमळीत असेल, किंवा करिअर ब्रेकच घेतला आहे आणि परतायची तारीख माहीत नाही, तर हिशेब बदलतो. तिथे खड्डा लाखांत जातो आणि सोनेतारणाने तो झाकणं म्हणजे अडचण सहा महिने लपवणं. अशा वेळी बिनपगारी काळ सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी बँकेपुढे पूर्ण चित्र ठेवा. पुनर्रचना झाली तरी चालेल, पण ती ९० दिवसांची थकबाकी होऊन नोटिसा यायला लागण्याआधी व्हावी. एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि त्यानंतर बोलणी घराच्या ताब्याभोवती फिरतात.

अर्ज कसा लिहायचा

काउंटरवर तोंडी सांगू नका. शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, एका प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या, आणि तोच मजकूर नोंदणीकृत ईमेलवरून पाठवा. सहकर्जदाराचीही सही हवी, ती नसली की अर्ज आठवडाभर पडून राहतो. मजकूर एवढाच पुरतो:

‘माझे घरकर्ज खाते क्रमांक … असून आजवर सर्व हप्ते वेळेत भरले आहेत. माझी पगारी प्रसूती रजा दि. … रोजी संपत असून दि. … ते दि. … या काळात मी बिनपगारी रजेवर असेन. या काळातही हप्ते नियमित भरण्याचे आमचे नियोजन आहे. त्यासाठी मूळ करारातील परतफेडीची अंतिम तारीख कायम ठेवून हप्ता कमी करावा, ही विनंती. कामावर परतल्यावर हप्ता पूर्ववत करण्यासाठी मी अर्ज करेन. सोबत: रजा मंजुरीचे पत्र, सहकर्जदाराची तीन महिन्यांची पगारपत्रके, मासिक जमाखर्चाचा तक्ता. या बदलाची क्रेडिट ब्युरोकडे होणारी नोंद व लागू शुल्क लेखी कळवावे.’

नोकरी देणाऱ्याकडून परतायच्या तारखेचा उल्लेख असलेलं पत्र मिळालं तर अर्जाचं वजन वाढतं, कारण बँकेला मग ही तात्पुरती बाब दिसते. आणि बँक कर्ज परत मागेल म्हणून रजा लपवणाऱ्या पुष्कळ भेटल्या. हप्ते वेळेत जात असताना निव्वळ रजेवर गेल्यामुळे कर्ज परत मागितल्याचं मी माझ्या टेबलावर एकदाही पाहिलं नाही. उलट नोकरीतला बदल कळवावा, असं कलम करारांत बहुधा असतंच.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते.

पैसे असून हप्ता कसा बाउन्स होतो

हा भाग मन लावून वाचा, कारण बाउन्स झालेल्यांपैकी बऱ्याच जणींकडे पैसे होते, फक्त योग्य खात्यात नव्हते.

हप्ता तिच्या पगाराच्या खात्यातून एनॅच मँडेटने, म्हणजे दर महिन्याला आपोआप कापून घ्यायच्या परवानगीने, कापला जातो. पगार थांबला की काही महिन्यांत बँक त्या खात्याला साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक लागू होते. शिल्लक कमी म्हणून शुल्क कापलं जातं, हप्त्याच्या दिवशी खात्यात ३०,७०० असतात आणि ३१,००० चा हप्ता परत जातो. एनॅच अर्धवट रक्कम घेत नाही. मग दोन्हीकडचं बाउन्स शुल्क, शिवाय कर्ज देणाऱ्याचा दंड. एनॅच परत जाणं हे कायद्याने चेक न वटण्यासारखंच धरलं जातं, हेही लक्षात ठेवा. मँडेट दुसऱ्या खात्यावर बदलायला वेळ लागतो आणि नवं लागू होईपर्यंत जुनंच चालू राहतं. म्हणून सोपा मार्ग हा, की नवऱ्याच्या खात्यातून दर महिन्याच्या १ तारखेला हप्त्यापेक्षा दोन हजार जास्त आपोआप या खात्यात जातील अशी कायम सूचना देऊन ठेवावी, आणि सुरुवातीलाच एक जादा हप्ता तिथे पडून राहू द्यावा.

दुसरा सापळा त्याहून वाईट, कारण तो नेकीने वागणाऱ्यांना लागतो. रजेआधी काहीजणी ६२,००० रुपये थेट कर्जखात्यात भरतात आणि समजतात की दोन हप्ते आगाऊ गेले. बँक ती रक्कम मुद्दलात वळती करते आणि पुढच्या ५ तारखेला हप्ता नेहमीसारखाच मागते. जमवलेले पैसे गेले आणि हप्ताही चुकला. रजेसाठी साठवलेले पैसे बचत खात्यात किंवा ठेवीतच राहू द्या. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भरलेली जादा रक्कम परत काढता येते आणि तोवर तिच्यावरचं व्याजही वाचतं.

पतसंस्थेचं कर्ज विसरू नका

तो ५,००० चा हप्ता पगारातूनच कापला जातो, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे. पगार नाही तर कपात नाही, आणि कपात नाही म्हणजे कोणाच्या लक्षात न येता कर्ज थकतं. इथे झळ पोहोचते ती जामीनदारांना. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या पगारातून वसुली सुरू होते आणि तुम्हाला ते तिच्या फोनवरून कळतं. रजा सुरू होण्याआधी संस्थेच्या सचिवांना पत्र द्या, दरमहा हप्ता स्वतः भरून पावती घ्या, आणि दोन्ही जामीनदारांना आपण होऊन सांगा. पतसंस्थेत संचालक मंडळापुढे अर्ज ठेवून दोन-तीन महिन्यांची सवलत मागता येते. तो अर्ज मंडळाच्या मासिक सभेआधी पोहोचायला हवा, नाहीतर महिनाभर थांबावं लागतं.

कामावर परतल्यावर

पहिला पूर्ण पगार जमा झाला की त्याच आठवड्यात हप्ता पुन्हा ३१,००० करायचा अर्ज द्या. हे आपोआप होत नाही, आणि राहून गेलं तर २८,६७० चा हप्ता १५ वर्षं चालू राहून सव्वातीन लाख जास्त जातात. सोनेतारण असेल तर ते पहिल्या दोन-तीन पगारांत सोडवा. पतसंस्थेची पगारकपात पुन्हा सुरू झाली का ते पगारपत्रकात बघा, आणि स्वतः भरायचं त्यानंतरच थांबवा.

दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात घरकर्जाच्या ओळीत रजेच्या प्रत्येक महिन्यासमोर थकीत दिवस शून्य दिसले पाहिजेत आणि ‘रिस्ट्रक्चर्ड’ हा शब्द कुठेही नसावा. काही चुकीचं दिसलं तर बँकेची पोच असलेला तुमचा अर्ज आणि आलेलं लेखी उत्तर जोडून ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आणि त्याच दिवशी तिची एक प्रत शाखेतही द्या.